बालवाडीच्या दारात रडणारे मूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडचे पालक आणि नव्याने बालवाडीत किंवा अंगणवाडीत रुजू झालेल्या ताई मला जवळजवळ तेच ते प्रश्न विचारू लागतात. ते प्रश्न येथे त्यांच्याच शब्दांत, एकत्र करून दिले आहेत. उत्तरे प्रामुख्याने तीन ते चार वर्षांच्या, पहिल्यांदाच घराबाहेर बसणाऱ्या मुलांबद्दल आहेत.

१. मूल रडत दारात येते तेव्हा बाई नेमके काय करतात?

सर्वांत आधी त्या मुलाकडे धावत नाहीत. आईच्या कडेवर अंग ताठ करून बसलेल्या मुलासमोर अनोळखी हात जितक्या लगबगीने येतो, तितकी पदरावरची त्याची मूठ घट्ट होते. म्हणून बाई आधी आईशी बोलतात. रात्री झोप झाली का, सकाळी काय खाल्ले, शी झाली का, असे साधे दोन-तीन प्रश्न त्या विचारतात. त्यांतून बाईंना दिवसभर उपयोगी पडणारी माहिती मिळते आणि आपली आई या बाईंशी सहज बोलते आहे हे मुलाला ऐकू येते. त्यानंतर बाई मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, थोड्या बाजूला उकिडव्या बसतात आणि त्याला घरच्या नावाने हाक मारतात. अगदी समोर बसून डोळ्यांत पाहिले, तर पुष्कळ मुले तोंड फिरवून आईच्या खांद्यात लपतात.

पुढचा भाग आईचा आहे. मूल आईने द्यायचे असते, बाईंनी ओढून घ्यायचे नसते. दिसायला हा फरक लहान असला, तरी ‘आईने मला यांच्याकडे सोपवले’ आणि ‘यांनी मला आईपासून तोडले’ या दोन वेगळ्या आठवणी होतात आणि मूल दुसऱ्या दिवशी त्यांतली एक आठवण घेऊन दारात येते. आईने त्याला खाली उतरवून त्याचा हात बाईंच्या हातात द्यावा, ‘मी आता जाते, खिचडी खाऊन झाली की घ्यायला येते’ असे एकच वाक्य बोलावे, एक पापी घ्यावी आणि निघावे. निरोप एकदाच घ्यायचा. फाटकापर्यंत जाऊन ‘अगं बाई, फारच रडतोय’ म्हणत परतलेली आई मुलाला एवढेच शिकवते की आणखी जोरात रडले तर आई थांबते.

बाई मुलाला घेऊन फाटकाशी उभ्या राहतात आणि पाठमोरी जाणारी आई त्याला दिसू देतात. मग एका ठरलेल्या शांत जागी बसतात. आमच्याकडे ती जागा खिडकीखालची सतरंजी आहे. ‘आईची आठवण येते ना? मी इथेच आहे,’ एवढे बोलून त्या गप्प राहतात. टाहो चालू असताना पुढे केलेला चेंडू, चित्र किंवा बिस्किट बहुधा भिरकावले जाते, म्हणून सूर बदलण्याची वाट पाहावी लागते. सलग रडणे तुटू लागते, मधे हुंदके येतात आणि मूल रडता रडताच डोळ्यांच्या कडेने इकडेतिकडे पाहू लागते. त्या क्षणी पाण्याचा पेला पुढे केला तर तो घेतला जातो. त्यानंतर हाताला काम द्यावे. दोन पेले आणि पाण्याचे घमेले यांच्याइतका खात्रीचा उपाय मला आजवर सापडलेला नाही, कारण ओतणे आणि भरणे हे काम कोणाशीही न बोलता करता येते. धान्य निवडायला देऊ नये, या वयात दाणे नाकात जातात.

२. रडणे किती वेळ आणि किती दिवस चालणे स्वाभाविक आहे?

माझ्या वहीतील नोंदींवरून सांगायचे, तर बहुतेक मुले आई नजरेआड झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात आणि दारातले रडणे दोन ते तीन आठवड्यांत मावळते. दाराबाहेर कान लावून उभ्या राहिलेल्या पालकाला ती दहा मिनिटे तासासारखी वाटतात, म्हणून आम्ही अर्ध्या तासाने फोनवर एक ओळीचा निरोप पाठवतो.

आईपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्यात दिसू लागते आणि दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ती सर्वांत तीव्र असते. तीन वर्षांच्या मुलाला आई परत येते हे कळत असते, पण कधी येते हे कळत नाही, आणि त्याच्या रडण्याचा मोठा भाग या ‘कधी’चा असतो (प्रश्न ५ पाहा).

मात्र मूल रुळले की नाही, हे रडण्याच्या मिनिटांवरून ठरवू नये. पडल्यावर, भूक लागल्यावर किंवा कोणी खेळणे हिसकावल्यावर ते बाईंकडे येते का आणि बाईंच्या जवळ घेण्याने शांत होते का, हे पाहावे. रोज दारात पाच मिनिटे रडणारे, पण गुडघा खरचटल्यावर बाईंच्या मांडीवर येऊन बसणारे मूल रुळलेले असते. याच्या उलट उदाहरण प्रश्न १० मध्ये आहे.

३. मूल खेळण्यात रमले असताना हळूच निघून गेलो तर रडारड टळणार नाही का?

त्या दिवशी टळेल. दुसऱ्या दिवसापासून मूल खेळणार नाही, कारण खेळायला पाठ वळवली की आई नाहीशी होते, हे त्याने शिकलेले असते. अशी मुले चटकन ओळखू येतात. ती दाराकडे तोंड करून बसतात, एक हात आईच्या ओढणीवर ठेवतात आणि घरीसुद्धा आई न्हाणीघरात गेली तरी दार वाजवू लागतात. ‘गाडी लावून येते’ असे सांगून चार तासांनी उगवणेही त्याच जातीचे आहे.

हे करून झाले असेल, तर मुलाला सरळ सांगावे: ‘काल मी न सांगता गेले. आज मी सांगून जाईन.’ मग खरोखर सांगून जावे. पहिले दोन-तीन दिवस रडणे वाढेल, कारण मूल खात्री करून घेत असते.

४. पहिल्या दिवसांत आईने वर्गात बसावे का? शेतात जाणाऱ्या आईने काय करावे?

बसता आले तर बसावे. जर्मनीतील बालसंगोपन केंद्रांत एक पद्धत रूढ आहे, तिला बर्लिन पद्धत म्हणतात. तिच्यात पहिले तीन दिवस पालक मुलासोबत साधारण तासभर थांबतात आणि त्यांना दूर करण्याचा प्रयत्नच केला जात नाही. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन जास्तीत जास्त अर्धा तास बाहेर जातात. तो दिवस सोमवार असेल, तर सुट्टीनंतर लगेच नको म्हणून प्रयत्न मंगळवारवर ढकलला जातो. मूल बाईंकडून काही मिनिटांत शांत झाले, तर वेळ वाढवत नेतात. न झाले, तर पालकांना परत बोलावतात आणि आणखी काही दिवस सोबत बसू देतात.

ती आपल्याकडे जशीच्या तशी बसत नाही. आपल्या शाळा उघडतात तेव्हाच पाऊस आणि कापसाची लागवड सुरू होते आणि सकाळी सातला आई शेतात असते. पण सोबत बसणारी व्यक्ती आईच असली पाहिजे असे नाही, मुलाच्या सवयीची असली म्हणजे झाले. एक उदाहरण सविस्तर देते. तसे कोणालाही करता येईल, म्हणून ते येथे मांडते.

सव्वातीन वर्षांचा एक मुलगा आजीसोबत येत असे. सोमवार ते बुधवार आजी वर्गाच्या कोपऱ्यात वाती वळत बसली. तिला आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: जागा बदलायची नाही आणि नातवाला ‘जा, खेळ जा’ म्हणून ढकलायचे नाही. पहिल्या दिवशी तो मांडीवरून उतरला नाही. दुसऱ्या दिवशी आजीचा कापूस घेऊन तो पाण्याच्या घमेल्यापर्यंत आला, कापूस भिजवला आणि परत गेला. तिसऱ्या दिवशी त्याने बारा-पंधरा फेऱ्या मारल्या. गुरुवारी आजी सांगून बाहेर निंबाखाली जाऊन बसली. तो दारावर डोके आपटू लागला, मला हात लावू देईना, पाणी घेईना. दहा मिनिटांनी मी मदतनीस ताईंना खूण केली आणि आजीला परत आणले. शुक्रवारी आणि शनिवारी आजी पुन्हा कोपऱ्यात बसली, आणि या दोन दिवसांत त्याचे नाक पुसणे, हात धुणे, पेला भरून देणे ही कामे मी आजीसमोर केली. पहिल्या तीन दिवसांत ती आजीच करत होती आणि माझी चूक तेथे झाली होती. सोमवारी प्रयत्न केला नाही. मंगळवारी आजी पंधरा मिनिटे गेली, तो आठ मिनिटे रडला आणि त्याने मला नाक पुसू दिले. नोंदवहीत मी आठ मिनिटांपेक्षा नाक पुसू दिल्याची नोंद ठळक केली. बुधवारी अर्धा तास, गुरुवारी खिचडीपर्यंत आणि शुक्रवारी पूर्ण वेळ तो बसला.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी त्याला आईने आणले आणि रडणे पहिल्या दिवसासारखेच सुरू झाले. यात काही बिघडले नव्हते. आजीचा निरोप घ्यायला तो शिकला होता, आईचा अजून शिकायचा होता. म्हणून पहिल्या महिन्यात शक्यतो एकाच माणसाने मूल सोडावे.

५. ‘आई कधी येईल?’ असे मूल दर पाच मिनिटांनी विचारते. त्याला काय सांगावे?

‘आत्ता येईल’ हे उत्तर देऊ नये, कारण पाच मिनिटांनी ते खोटे ठरते आणि त्यासोबत बाईही खोट्या ठरतात. घड्याळातला बारा वाजण्याचा काटाही या वयात उपयोगाचा नाही. दिवसाचा क्रम मात्र मुलाला आठवड्यात पाठ होतो, म्हणून उत्तर क्रमात द्यावे: ‘आता गाणी, मग खिचडी, मग हात धुणे, मग गोष्ट, मग आई.’ आम्ही दोरीला या पाच गोष्टींची चित्रे टांगली आहेत आणि कपड्यांना लावायचा चिमटा एकेका चित्रावर सरकवत नेतो. जास्त रडणाऱ्या मुलाकडे चिमटा सरकवण्याचे काम द्यावे. ते विचारायला आले की त्याला दोरीपाशी नेऊन ‘किती राहिली?’ असे आपण विचारावे.

या उत्तराचा दुसरा अर्धा भाग पालकांच्या हाती असतो. गोष्ट संपल्यावर आई आली नाही, तर दोरी खोटी ठरते. पहिल्या पंधरा दिवसांत पाच मिनिटे आधी येऊन उभे राहावे. एसटी चुकली आणि उशीर होणार असला तर फोन करावा, म्हणजे बाई मुलाला ‘आईची गाडी चुकली, ती दुसऱ्या गाडीने येते आहे’ असे खरे सांगू शकतात.

६. आमचे मूल घरी अहिराणी बोलते आणि बाई प्रमाण मराठीत बोलतात. त्यामुळे ते जास्त रडत असेल का?

होय, असे घडते आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. रडवेल्या मुलाला नवी भाषा उलगडण्याइतकी उसंत नसते. ‘माले घर जानं शे’ म्हणणाऱ्या मुलाला ‘तुला घरी जायचंय का?’ असे विचारले, तर ते बहुतेक समजते, पण आपले बोलणे येथे चालत नाही हेही त्याला समजते. पहिले तीन-चार आठवडे दिलाशाची भाषा घरचीच असावी. ‘काय व्हयनं?’, ‘तुनी माय ई’, ‘भूक लागनी का?’ एवढी तीन-चार वाक्ये बाहेरून आलेल्या ताईंनाही एका संध्याकाळी शिकता येतात. गाणी आणि गोष्टी मराठीत चालू ठेवाव्यात, त्यांतून भाषा येतेच.

खान्देशात सगळीकडे अहिराणीच बोलतात असेही नाही. यावल-रावेर भागातील घरांत लेवा गणबोली असते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी किंवा भिली. प्रवेशाच्या दिवशी आईला पाणी, शू, शी, भूक, दुखणे आणि आई यांचे घरचे शब्द विचारून वहीत लिहून घ्यावेत. एक मुलगी दोन दिवस एकच शब्द म्हणून रडत होती. तो आमच्यापैकी कोणालाच कळला नाही आणि तिने चड्डी ओली केल्यावर कळला.

७. घरची एखादी वस्तू सोबत पाठवावी का?

पाठवावी. आईच्या जुन्या, न धुतलेल्या ओढणीचा हातभर तुकडा सर्वांत चांगला, कारण त्याला आईचा वास असतो. आवाज करणारे किंवा इतर मुलांना हवेसे वाटणारे खेळणे नको. तुकडा मुलाच्या हाताला येईल अशा ठिकाणी राहू द्यावा, ‘आता मोठा झालास’ म्हणत तो काढून घेऊ नये. बहुतेक मुले महिनाभरात तो दप्तरातच विसरतात.

८. मी नवीन अंगणवाडी सेविका आहे. पहिल्याच दिवशी वीस मुले एकदम रडू लागतात. काय करावे?

वीस मुले एकाच दिवशी घेऊ नयेत, हेच खरे उत्तर आहे. एक मूल रडले की शेजारचे शांत मूलही रडू लागते आणि दोन हातांत वीस मुले मावत नाहीत. आधी गेल्या वर्षीची मुले दोन-तीन दिवस बसवून वर्गाची घडी बसवावी, मग नवी मुले रोज चार-पाच या प्रमाणात, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने बोलवावीत. दारात उभी राहणारी आणि वर्ग सांभाळणारी व्यक्ती वेगळी असावी. सेविका दारात असेल, तर मदतनीस ताई आत पाणी-मातीच्या खेळाजवळ असाव्यात. पहिल्या आठवड्यात ही कामे आपसांत बदलू नयेत, म्हणजे मुलाला रोज तोच चेहरा घेईल.

९. चॉकलेट, मोबाइल किंवा ‘पोलीसकाका येतील’ हे उपाय चालतात का?

चॉकलेटने तोंड बंद होते आणि दुसऱ्या दिवशी रडणे हे चॉकलेट मागण्याचे साधन होते. मोबाइलवर मूल गप्प होते, पण बाईंशी ओळख होत नाही, आणि पहिल्या आठवड्यात कमवायची असते ती तीच. धाक दाखवलेले मूल पुढे बाईंनाच घाबरते. ‘शहाणी मुले रडत नाहीत’ हे वाक्यही त्याच टोपलीत टाकावे.

१०. आमची मुलगी अजिबात रडत नाही, पण तेथे काही खात नाही आणि बोलत नाही. ती रुळली असे समजावे का?

नाही, आणि मला रडणाऱ्या मुलापेक्षा अशा मुलाची काळजी अधिक वाटते. वर्गात ते कोणालाच त्रास देत नाही, म्हणून दिवसभर कोणी त्याच्याकडे जात नाही. दप्तर खांद्यावरून न काढणे, एकाच जागी बसणे, तहान लागूनही पाणी न मागणे, शू दाबून धरणे आणि घरी पोहोचताच क्षुल्लक कारणावरून टाहो फोडणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा मुलीजवळ बाईंनी दिवसातून तीन-चार वेळा, काही न विचारता, दोन-तीन मिनिटे बसावे आणि शेजारी आपले काम करावे. दप्तर काढायला लावू नये, ते ज्या दिवशी ती स्वतः खुंटीला लावते त्या दिवसाची नोंद करावी. पुष्कळदा या मुली तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा दारात रडतात. पालक घाबरतात, पण तिने आपले दुःख बाईंना दाखवायला सुरुवात केली, असा त्याचा अर्थ घ्यावा.

११. महिनाभर हसत जाणारे मूल पुन्हा रडू लागले. काय चुकले?

बहुधा काही चुकलेले नसते. पहिल्या आठवड्यात नवलाई असते आणि ‘हे रोजचेच आहे’ हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळते. सोमवारी, आजारपणानंतर आणि श्रावणात कानबाईचे रोट खायला चार दिवस पाहुण्यांनी भरलेल्या घरात राहून परतल्यावर रडणे पुन्हा दिसते. अशा वेळी दारातली पद्धत (प्रश्न १) पहिल्या दिवसासारखीच पाळावी. दोन-चार दिवसांत ते ओसरते. ओसरले नाही, तर घरी नवे बाळ आले आहे का, नेहमीच्या बाई बदलल्या आहेत का, किंवा शाळेत कोणी मारते वा रागावते का, याची शांतपणे चौकशी करावी. एका विशिष्ट व्यक्तीचे किंवा जागेचे नाव काढताच मूल बिथरत असेल, तर त्याला सवयीचे रडणे समजू नये.

१२. दिवसभर छान असते, पण मला पाहताच रडते. शाळेत काही होत असेल का?

सहसा नाही. सकाळपासून आवरून धरलेले सगळे आईजवळ मोकळे होते. आल्या आल्या ‘आज काय शिकलास?’ असे विचारू नये. कडेवर घ्यावे, पाणी द्यावे आणि घरी पोहोचेपर्यंत त्याला गप्प राहू द्यावे.

१३. प्रयत्न कधी थांबवावा?

सांगितल्याप्रमाणे केल्यावरही तीन आठवड्यांनंतर मूल रोज अर्ध्या तासाहून अधिक रडत असेल आणि बाईंकडून एकदाही शांत होत नसेल, किंवा रडता रडता रोज ओकत असेल, तेथे घोटभर पाणीही घेत नसेल, घरी झोप आणि जेवण बिघडले असेल, बसलेले बोलणे किंवा शी-शूची सवय मागे गेली असेल, तर थांबावे. थांबणे म्हणजे नाव काढणे नव्हे. आठवडाभर सोबतीसह फक्त एक तास आणावे आणि प्रश्न ४ मधल्या पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करावी. नावाने हाक मारल्यावर न वळणे, नजरेला नजर न देणे किंवा तीन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून न बोलणे हे सोबत दिसत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून ऐकू येते का, याचीही तपासणी करून घ्यावी. काही मुलांना आणखी सहा महिने घरी राहण्याची गरज असते. अशा मुलाला दिवाळीनंतर पुन्हा आणावे आणि दारातल्या बाई शक्यतो त्याच असाव्यात.